खोडलेलं लपत नाही

बगदाद शहर वसवणारा अब्बासी खलिफा अल-मन्सूर पैशाच्या बाबतीत फार काटेकोर होता. त्याच्या कारभारातली एक हकिगत दहाव्या शतकातल्या अल-जहशियारी या लेखकाने वजीर आणि कारकुनांविषयीच्या आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवली आहे. सरकारी कोठारात पपायरसच्या गुंडाळ्यांचा भला मोठा साठा पडून आहे, हे एके दिवशी खलिफाच्या ध्यानात आलं. एवढा माल कशाला अडकवून ठेवायचा, मिळेल त्या भावाला विकून टाका, असं त्याने सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच तो हुकूम मागे घेतला. उद्या इजिप्तमध्ये काही घडलं आणि तिथून पपायरस येणं थांबलं, तर आपल्या कारकुनांना हाताला सवय नसलेल्या कशावर तरी लिहावं लागेल, ही भीती त्याला रात्रीतून सुचली होती.

ही भीती खरी होती. उत्तर आफ्रिकेपासून सिंधपर्यंत पसरलेल्या राज्याचा कारभार नाईलच्या काठी उगवणाऱ्या एका लव्हाळ्यावर अवलंबून होता. त्या लव्हाळ्याच्या गाभ्याच्या पट्ट्या उभ्या-आडव्या जोडून, दाबून, वाळवून पपायरस तयार होई आणि तो मुख्यतः इजिप्तमध्येच होई. त्याला पर्याय चर्मपत्राचा. मेंढी, बकरी किंवा वासराचं कातडं चुन्यात भिजवून, केस काढून, ताणून आणि खरवडून ते लिहिण्याजोगं करत. चर्मपत्र टिकाऊ असतं, पण एका जनावरातून निघून निघून पानं किती निघणार? जमिनीचा महसूल, सैन्याचे पगार, टपालाच्या चौक्या, सुभेदारांना पाठवलेले हुकूम हे सगळं कातड्यावर लिहायचं म्हटलं तर कळपच्या कळप लागले असते.

तुटवड्यापेक्षाही मोठी एक अडचण होती. चर्मपत्रावरची शाई वरच्यावर बसते. धारदार सुरीने हलक्या हाताने खरवडली की अक्षर जातं, जागा थोडी घासून घेतली की तिथे पुन्हा लिहिता येतं. पपायरसवरची काजळीची शाई तर ओल्या बोळ्याने पुसता येई. हिशेबाच्या कागदात एक आकडा फिरवला, तर कुणाला कळणार? ज्या राज्याचा सगळा भरवसा लेखी हुकुमावर, त्याच्या तिजोरीला हे कायमचं भोक होतं. याचा उपाय मन्सूरच्या राज्यातच, ईशान्येकडच्या टोकाला, समरकंदमध्ये तयार होत होता. तो वापरात यायला मात्र त्याच्या नातवाची, हारून अल-रशीदची कारकीर्द उजाडावी लागली.

समरकंदला कागद आला तो चीनकडून. चीनमध्ये इसवी सन १०५ मध्ये साई लुन नावाच्या दरबारी अधिकाऱ्याने झाडाच्या साली, ताग, चिंध्या आणि जुनी मासेमारीची जाळी यांपासून कागद करून सम्राटाला सादर केला, असं तिथला इतिहास सांगतो. उत्खननात मात्र त्याच्याही दोन-तीनशे वर्षं आधीचे कागदाचे तुकडे सापडले आहेत. म्हणजे साई लुनने कागद शोधून काढला असं म्हणण्यापेक्षा, आधीपासून होत असलेल्या ओबडधोबड वस्तूला त्याने सरकारदरबारी लिहिण्याच्या लायकीचं केलं, असं म्हणणं रास्त ठरेल. तरीही चिनी कचेऱ्यांतल्या बांबूच्या पट्ट्या लगेच गेल्या नाहीत. पट्ट्या सोडा आणि कागद वापरा, असा दरबारी हुकूम निघाला तो ४०४ साली, साई लुननंतर तीनशे वर्षांनी. दप्तराची सवय फार चिवट असते.

एकदा ती मोडल्यावर चिनी कारभाराने कागद किती वापरला, याचा पुरावा एका वेगळ्याच ठिकाणी सापडला. आजच्या शिनजियांगमधल्या तुर्फानजवळ अस्ताना नावाचं जुनं दफनस्थान आहे. तिथे मृताच्या पायात कागदाचे जोडे, डोक्यावर कागदाची टोपी घालण्याची रीत होती. त्यासाठी कोरा कागद कोण वापरणार? कचेरीत मुदत संपलेले कागद रद्दीत निघत, तेच कातरून त्यांचे तळवे शिवत. वाळवंटाच्या कोरड्या हवेत ते टिकले. अभ्यासकांनी तळव्यांचे थर सोडवले, तेव्हा आत कुटुंबांची खानेसुमारी, जमिनीच्या नोंदी, कर्जाचे करार, फिर्यादींचे जबाब निघाले. तांग राजवटीत घराघराची नोंद दर तीन वर्षांनी नव्याने होत असे. इतक्या वेळा इतकं लिहून पुन्हा ते टाकून देणं परवडतं, ते लिहिण्याचं साधन स्वस्त असेल तरच.

हा कागद पश्चिमेकडे नेला तो व्यापाऱ्यांनी आणि बौद्ध भिक्षूंनी. १९०७ साली ऑरेल स्टाईनला तुनहुआंगच्या पश्चिमेला एका पडक्या टेहळणी बुरुजात टपालाची काही पत्रं सापडली. ती सुमारे ३१३ सालची, सोग्दी भाषेतली आणि कागदावर लिहिलेली. सोग्दी व्यापारी मूळचे समरकंद-बुखाऱ्याच्या मुलखातले. त्यांपैकी एक पत्र तर थेट समरकंदला निघालं होतं, पण पोचलं नाही. म्हणजे समरकंदच्या पेढ्यांना कागद चौथ्या शतकापासून ठाऊक होता.

हे मुद्दाम सांगायचं कारण म्हणजे एक लोकप्रिय गोष्ट. ७५१ साली तलास नदीकाठी अरब आणि चिनी सैन्यांची लढाई झाली, चिनी हरले, त्यांच्या कैद्यांमध्ये कागद करणारे कारागीर होते आणि त्यांनी समरकंदमध्ये कागद सुरू केला, अशी ती गोष्ट आहे. कागदाचा इतिहास सांगणाऱ्या बहुतेक पुस्तकांत ती येते. पण ती प्रथम लिहिली अल-सआलिबीने, लढाईनंतर जवळजवळ अडीचशे वर्षांनी. त्या लढाईत खरोखर पकडला गेलेला तू हुआन नावाचा चिनी माणूस पुढे ७६२ साली मायदेशी परतला आणि त्याने आपण पाहिलेल्या मुलखाची हकिगत लिहिली. अरबांकडे असलेल्या चिनी कारागिरांत त्याने विणकर सांगितले, सोनार सांगितले, चित्रकार सांगितले. कागद करणारे सांगितले नाहीत. माझ्या मते कैद्यांची गोष्ट बाजूला ठेवावी. चार शतकं ज्या रस्त्याने कागद जात-येत होता, त्याच रस्त्याने तो करण्याची विद्याही हळूहळू गेली.

या वाटेवर कागद बदलला. चीनमध्ये तुती जातीच्या झाडाची साल मुबलक होती. मध्य आशियाच्या कोरड्या मुलखात ती कुठून आणणार? तिथे जवस आणि तागाचे जुने कपडे, दोरखंड, चिंध्या होत्या. त्यांचाच लगदा करायला कारागीर शिकले. हा बदल निर्णायक ठरला, कारण विशिष्ट झाड विशिष्ट हवेतच वाढतं, पण फाटके कपडे जिथे माणसं राहतात तिथे मिळतातच. आता कागद कुठल्याही शहरात करता येणार होता. मन्सूरला इजिप्तची जी धास्ती होती, ती इथे संपली.

कागद कसा करत, याचं वर्णन अकराव्या शतकातल्या इब्न बादिस या उत्तर आफ्रिकेतल्या राजाच्या नावावर असलेल्या अरबी ग्रंथात आहे. ताग आधी पिंजून मऊ करायचा. तो चुन्याच्या निवळीत भिजवायचा, हाताने चोळायचा, उन्हात पसरायचा, पुन्हा चुन्यात टाकायचा, असं दिवसेंदिवस करत राहायचं. पांढरा झाला की कात्रीने बारीक कातरून गोड्या पाण्यात आठवडाभर ठेवायचा आणि रोज पाणी बदलायचं, म्हणजे चुना निघून जातो. मग ओला असतानाच उखळात कुटायचा, एकही गाठ राहता कामा नये. तो लगदा पाण्यात रेशमासारखा विरघळला की बोरूच्या काड्यांची चौकट त्यात बुडवून थर उचलायचा, हाताने सारखा करायचा आणि सपाट भिंतीवर थापायचा. वाळला की तो आपोआप सुटतो.

एवढ्याने कागद लिहिण्याजोगा होत नाही. तसा कच्चा कागद शाई शोषून घेतो आणि अक्षर फुटतं. म्हणून त्याला तांदळाची किंवा गव्हाच्या सत्त्वाची खळ लावायची, वाळवायचा आणि गुळगुळीत दगडाने किंवा काचेने घोटून घोटून चकचकीत करायचा. आपल्याकडे जुन्नरला किंवा दौलताबादेजवळ जो कागद होई, त्याची रीत थोड्याफार फरकाने हीच.

हारूनच्या कारभाराला हवं होतं ते नेमकं या खळीत आणि घोटण्यात सापडलं. लेखणीने लिहिलेली शाई खळीच्या पातळ थरातून खाली तंतूंपर्यंत उतरते. कुणी सुरीने अक्षर खरवडायला गेला, तर तिथली खळ निघते, चकाकी जाते, तंतू उसकटतात आणि जागा पातळ होते. त्याच जागी नवा आकडा लिहिला, तर शाई पसरते. ओल्या फडक्याने पुसायला गेलं, तर खळ सुटून डाग पडतो. कागद उन्हासमोर धरला की पातळ झालेली जागा उजळ दिसते. त्यासाठी जाणकार लागत नाही. साधा कारकूनही ओळखतो. ममलूक काळात कैरोच्या कचेरीत काम केलेल्या अल-कलकशंदीने पुढे लिहून ठेवलं आहे की, हारूनने सरकारी लेखनासाठी कागदच वापरण्याचा हुकूम दिला तो याच कारणासाठी. चर्मपत्रावर फिरवाफिरवी करता येते, कागदावर ती केली तर दिसते.

या निर्णयामागे बर्मकी घराणं होतं. हे मूळचे बल्खचे, एका मोठ्या बौद्ध विहाराचे वंशपरंपरागत कारभारी. कागद ज्या मुलखात रुळला होता, त्याच मुलखातून ते बगदादला आले आणि वजीर झाले. या घराण्यातल्या खालिदने पूर्वीच कचेरीतली सुटी पानं बंद करून शिवलेल्या वह्या सुरू केल्या होत्या, पण चर्मपत्राच्या. त्याच्या नातवंडांच्या हाती कारभार आला, तेव्हा वही कागदाची झाली. बगदादमध्ये कागद करायला सुरुवात झाली तीही याच सुमारास, आठव्या शतकाच्या अखेरीस.

सुट्या पानांच्या जागी शिवलेली कागदी वही आली, याचा परिणाम नीट समजून घेतला पाहिजे. सुटं पान काढून घेता येतं आणि दुसरं घालता येतं. वहीतलं पान फाडलं तर मागचं जोडपान सुटतं, नोंदींचा क्रम तुटतो. वरून कागद स्वस्त, म्हणून एकाच नोंदीच्या दोन प्रती ठेवता येऊ लागल्या. एक पाठवायची, एक आपल्याकडे. सुभेदाराने पाठवलेला हिशेब राजधानीतल्या प्रतीशी ताडून पाहता येऊ लागला. आकडा एका ठिकाणी फिरवला तर दुसरीकडे उघडा पडणार. हारूनच्या काळातली प्रांतवार महसुलाची एक सविस्तर यादी, रोख किती आणि वस्तुरूपाने काय काय हे सांगणारी, जहशियारीच्या ग्रंथातून आपल्यापर्यंत आली आहे. असा एकत्रित हिशेब मांडता येण्यासाठी आधी दप्तर लागतं. आणि कचेरीबाहेरचं म्हणाल, तर नवव्या शतकात अल-याकूबीने बगदादच्या एका पेठेत कागद आणि पुस्तकांची शंभरावर दुकानं असल्याचं लिहिलं आहे.

सामान्य माणसाच्या हाती कागद आल्यावर काय झालं, हे कैरोतल्या बेन एझ्रा सिनेगॉगने जपून ठेवलं. ज्यावर देवाचं नाव असू शकतं असं लिखाण फेकायचं नाही, या ज्यू रिवाजामुळे तिथल्या एका बंद खोलीत शतकानुशतकं कागद टाकले जात होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते बाहेर आले. तीन लाखांहून अधिक तुकडे. त्यांत धर्मग्रंथ आहेतच, पण विवाहाचे करार, वाण्याची उधारी, घटस्फोट आणि व्यापाऱ्यांची पत्रंही आहेत.

त्यांतला एक व्यापारी ट्युनिशियाचा अब्राहम बेन यिजू. बाराव्या शतकात तो मंगळुराला येऊन राहिला आणि सुमारे सतरा वर्षं राहिला. मिरी-वेलदोड्यांचा व्यापार करी, पितळेच्या भांड्यांचा कारखाना चालवी, आशू नावाच्या इथल्याच स्त्रीशी त्याने संसार थाटला. मलबारात सगळे ताडपत्रावर लिहीत. त्याला तर कागदाची सवय. म्हणून एडनचे त्याचे मित्र जहाजातून साखर, मनुका आणि भांड्यांबरोबर त्याला कागदाचे दस्तेही भेट पाठवत आणि कागद कसा उत्तम आहे हेही पत्रात लिहीत. बेन यिजू तो जपून वापरी. आलेल्या पत्राच्या पाठकोऱ्या बाजूवर हिशेब, समासात टिपणं, उरल्यासुरल्या जागेत कविता. आज त्याच्या मंगळुरातल्या दिवसांबद्दल आपल्याला जे कळतं, ते या पाठकोऱ्या कागदांमुळे. पश्चिम किनाऱ्यावरच्या एका संसाराची इतकी बारीक नोंद त्या काळात दुसरी क्वचितच सापडेल.

युरोपात कागद शिरला तो स्पेन आणि सिसिली या मुसलमानी कारभार पाहिलेल्या दोन मुलखांतून. स्पेनमधल्या शातिबा, आजच्या शातिवा गावचा कागद बाराव्या शतकाच्या मध्यात अल-इद्रिसीने नावाजला आहे. सिसिलीत तर युरोपातला सर्वांत जुना तारीखवार कागदी दस्तऐवज आजही आहे. ११०९ साली राजमाता आदेलासियाने एका मठाच्या संरक्षणासाठी काढलेला तो हुकूम ग्रीक आणि अरबी अशा दोन भाषांत आहे. पालेर्मोच्या दप्तरखान्यात तो ठेवलेला आहे.

पण तिचाच मुलगा राजा रॉजर याने ११४५ मध्ये कागदावरचे जुने दस्तऐवज चर्मपत्रावर उतरवून घ्यायला लावले. आणि १२३१ मध्ये सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकने कायदाच केला की, जाहीर दस्तऐवज चर्मपत्रावरच हवेत, म्हणजे पुढच्या काळात ते पुरावा म्हणून टिकतील. बगदादने जी वस्तू विश्वासासाठी निवडली, तीच चारशे वर्षांनी सिसिलीत अविश्वासाची ठरली. यामागे धर्मद्वेष शोधायची गरज नाही. फ्रेडरिक स्वतः अरबी विद्येचा चाहता होता. कारण साधं होतं. खळ म्हणजे शेवटी पीठ. बगदादच्या आणि कैरोच्या कोरड्या हवेत ते शतकं टिकतं. युरोपच्या दमट तळघरांत त्याला बुरशी लागते, किडे लागतात. दुसरं कारण लेखणीचं. अरब कारकून बोरूने लिहीत. बोरूचं टोक रुंद आणि मऊ, घोटलेल्या कागदावरून ते घसरत जातं. युरोपात पिसाची टोकदार लेखणी. ती खळीचा थर ओरखडते. तिथल्या कारकुनाला कागद कच्चा वाटला तर त्याचं चुकलं असं म्हणता येणार नाही.

तरी कागद मागच्या दाराने कचेरीत शिरलाच. जेनोआच्या जोव्हान्नी स्क्रिबा या नोटरीची ११५४ ते ११६४ या काळातली नोंदवही कागदाची आहे. पक्षकाराच्या हाती द्यायचा दस्त तो चर्मपत्रावर करी. पण त्याआधी कुणी कुणाला किती दिले, जहाज कुठलं, व्याज काय, साक्षीदार कोण, याची कच्ची नोंद आपल्या वहीत करून ठेवी. पुढे पक्षकाराचं चर्मपत्र हरवलं किंवा त्यावर वाद झाला, तर वही काढायची. मिरवायचा दस्त कातड्यावर आणि ताडून पाहायची नोंद कागदावर, अशी ही विभागणी. हळूहळू न्यायालयात वजन वहीलाच आलं.

अॅरागॉनचा राजा पहिला जाउमे याने १२४४ मध्ये शातिबा जिंकलं, तेव्हा तिथले कागदाचे कारखाने आयतेच त्याच्या हाती आले. त्यानंतरच्या दशकापासून त्याच्या कचेरीने बाहेर जाणाऱ्या पत्रांच्या नकला कागदी वह्यांत ठेवायला सुरुवात केली. त्या वह्या बार्सिलोनाच्या दप्तरात आजही सलग लावलेल्या आहेत. आधीच्या राजांनी दिलेली सनद ज्याला मिळाली त्याच्याच घरी असे. राजाने काय दिलं हे राजाच्या कचेरीला पुन्हा त्यालाच विचारावं लागे. आता राजाकडे स्वतःची स्मृती झाली. खोटी सनद घेऊन कुणी आला, तर वहीत पाहायचं.

फ्रेडरिकच्या आक्षेपाचं उत्तर मध्य इटलीतल्या फाब्रियानो गावाने तेराव्या शतकात शोधलं. तिथल्या कारागिरांनी पिठाच्या खळीऐवजी जनावरांच्या खुरांच्या आणि कातड्याच्या तुकड्यांपासून काढलेल्या सरसात कागद बुडवायला सुरुवात केली. चांभारवाड्यातून हा कच्चा माल फुकटात मिळे. सरसाने कागद कडक होतो, बुरशीला दाद देत नाही आणि पिसाच्या लेखणीचं टोक सोसतो. लगदा कुटायला त्यांनी पाणचक्कीवर चालणारे मोठे लाकडी घण बसवले. पहिल्या कुंडीतल्या घणांना अणकुचीदार खिळे, ते चिंध्या फाडत. पुढच्या कुंडीत बोथट खिळे, ते तंतू चेचत. शेवटच्या कुंडीत नुसतं लाकूड, ते लगदा घुसळत. माणसाच्या हाताने आठवडाभर चालणारं काम नदी रात्रंदिवस करू लागली. चौकटीच्या जाळीत काड्यांऐवजी तार आली. त्या तारेवर वळवलेली एखादी आकृती शिवली, की तिथे लगदा पातळ बसतो आणि उजेडासमोर धरल्यावर कारखान्याची खूण दिसते. १२८२ पासून असे जलचिन्हांकित कागद सापडतात. आज अभ्यासकांना बनावट दस्त पकडायला हीच खूण उपयोगी पडते. दस्तावरची तारीख जुनी आणि जलचिन्ह नंतरच्या कारखान्याचं, असं निघालं की विषय संपला.

या कागदावर एका माणसाने किती लिहिलं, हे पाहायचं तर प्रातो गावच्या फ्रान्चेस्को दातीनीकडे पाहावं. फ्लोरेन्स, पिसा, जेनोआ, बार्सिलोना, व्हॅलेन्सिया, मायोर्का इथे त्याच्या पेढ्या होत्या. लोकर, मीठ, शस्त्रं, कापड आणि फाब्रियानोचा कागदही तो विकत असे. प्रत्येक गुमास्त्याने वरचेवर पत्र लिहिलंच पाहिजे आणि एकही कागद टाकता कामा नये, ही त्याची शिस्त. १४१० साली तो निपुत्रिक वारला आणि मालमत्ता गावच्या गरिबांसाठी ठेवून गेला. त्याचे कागद घराच्या जिन्याखाली बांधलेल्या गठ्ठ्यांत पडून राहिले. १८७० साली ते उघडले गेले, तेव्हा सुमारे दीड लाख पत्रं आणि पाचशेहून अधिक हिशेबाच्या वह्या निघाल्या. हुंड्या, विम्याचे करार, जमा-खर्च दुहेरी पद्धतीने मांडलेले ताळेबंद. बायको मार्गेरिताशी झालेली भांडणंसुद्धा त्या पत्रांत आहेत. दातीनी कुठल्याही देशाचा राजा नव्हता. राजांनाही पूर्वी परवडलं नसतं एवढं दप्तर एका व्यापाऱ्याच्या जिन्याखाली मावलं, हा बदल कागदाने घडवला.

मग प्रवाह उलटा वाहू लागला. इटालियन कागद स्वस्त आणि कणखर, तो जहाजांतून कैरो आणि उत्तर आफ्रिकेच्या बाजारांत येऊ लागला. पण त्याच्या जलचिन्हांत कधी क्रूस असे, कधी प्राण्याचं चित्र. त्यावर कुराण लिहावं का, हा प्रश्न तिलिमसानच्या इब्न मर्झूक या विद्वानापुढे आला. १४०९ साली त्याने निर्णय दिला की, चालेल. त्यावर ईश्वराचं वचन लिहिलं की ती खूण आपोआप झाकली जाते. फतवा मागावा लागला, यावरूनच कळतं की तोवर तिथल्या कारकुनांच्या बैठकीत परदेशी कागद किती भरला होता.

आपल्या मुलखात कागद आला तो याच पश्चिमेच्या आणि मध्य आशियाच्या वाटेने, सुलतानांच्या कचेऱ्यांबरोबर. दौलताबादजवळचं कागजीपुरा आणि जुन्नर इथे कागदी घराण्यांनी चिंध्या आणि तागापासून कागद केला. त्यावर मोडीत लिहिलेले रुमाल पेशवे दफ्तरात बांधून ठेवलेले आहेत. तीनशे वर्षांपूर्वीचा जुन्नरी कागद आज उलगडला तरी तो मऊ आणि मजबूत असतो, कारण त्यात लांब तंतू आहेत आणि चुन्याने धुतल्यामुळे आम्ल नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडाच्या लगद्याचा गिरणी-कागद आला, त्यात आम्ल असतं. म्हणून आजोबांची शाळेची वही पिवळी पडून चुरते आणि खापरपणजोबांचं खरेदीखत अजून शाबूत असतं.

तुमच्या जुन्या वाड्यात, माळ्यावर, ट्रंकेत असे मोडी कागद असतील, तर त्यांना लॅमिनेशन करू नका आणि फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नका. दोन्हींनी कागद कायमचा बिघडतो. डांबरगोळ्यांऐवजी स्वच्छ धुतलेल्या सुती कापडात सैल बांधा, भिंतीला न लागणाऱ्या कोरड्या जागी ठेवा. वाचता येत नसतील तर पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेत दाखवा. आणि रद्दीवाल्याच्या तराजूत टाकण्याआधी एक कागद तेवढा उजेडासमोर धरून पाहा.